दाखल्यावर कोणता भाव लिहायचा?

ट्रकने मागून धडक दिली, ट्रॉली रस्त्याकडेच्या चारीत उलटली आणि तीस क्विंटल उन्हाळी कांदा पावसाच्या पाण्यात गेला. लिलावापर्यंत तो पोहोचलाच नाही, त्यामुळे त्याची किंमत कुणी बोललंच नव्हतं. भरपाई ट्रकच्या विम्यातून मिळायची होती. त्यासाठी सर्व्हेअरचा आमच्या ऑफिसात फोन आला, "मॅडम, त्या दिवशीचा सरासरी भाव लेटरहेडवर एका ओळीत लिहून द्या."

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका उपबाजारात भावाच्या नोंदी ठेवते. भावाचे दाखले आम्ही नेहमीच देतो. या दाखल्याचा विषय मात्र अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आधी नोंदी कशा होतात ते सांगते. व्यापारी गाड्यांच्या रांगेतून पुढे सरकतात, शेतकरी वरचा कांदा हाताने उकरून दाखवतो, क्विंटलला बोली होते आणि सौदापट्टी फाटते. मग गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते आणि तिथे वजन होतं. म्हणजे भाव सकाळी कळतो, वजन मात्र काटापट्टी आल्यावर. दुपारी फोनवरून जो कुणी सरासरी विचारतो, त्याला गाड्यांची सरासरी मिळते, कांद्याची नाही. चार क्विंटलची रिक्षा आणि तीस क्विंटलची ट्रॉली त्यात सारख्याच मोजल्या जातात. हा फरक बाहेर कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या दिवशी पावसामुळे पंधराच गाड्या आल्या होत्या. बोली 1701, 1711 अशा होतात. इथे मी आकडे थोडे गोल करून देते. 500, 600, 700, 900, 1200, 1300, 1400, 1450, 1500, 1600, मग तीन गाड्या 1700 च्या, एक 1750 आणि एक 2500. खालच्या चार गाड्या गोल्टीच्या, म्हणजे बारीक कांद्याच्या. वरची 2500 ची एक छोटी गाडी अगदी निवडून आणलेल्या मालाची, दहा क्विंटलची.

सर्व्हेअरला हवी होती शाळेत शिकवतात ती सरासरी. पंधरा भावांची बेरीज 20,500, भागिले पंधरा, म्हणजे 1367. त्या भावाने त्या दिवशी आवारात एकही गाडी विकली गेली नव्हती. चार गोल्टीच्या गाड्यांनी तो आकडा खाली ओढला होता आणि अपघातातला कांदा गोल्टी नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेतकरी स्वतः आले. साठीचे, शांत गृहस्थ. म्हणाले, "ताई, माझा माल एक नंबर होता. सतराशेचा भाव लिहा." त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. पणन मंडळाच्या आणि केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटच्या तक्त्यात किमान आणि कमाल भावांबरोबर जो सर्वसाधारण दर असतो, तो व्याख्येने बहुलकच असतो. जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो दर. आमच्या पंधरा गाड्यांत तो 1700 होता. वर्तमानपत्रं त्यालाच सरासरी म्हणून छापतात.

पण बहुलक काढताना हात सैल सोडता येत नाही. खऱ्या बोली 1701, 1705, 1711 अशा असतात, एकही आकडा दोनदा येत नाही. मग शंभर-शंभरचे गट पाडावे लागतात आणि गट कुठून सुरू केला यावर उत्तर थोडं सरकतं. त्या दिवशी कसेही गट पाडले तरी गर्दी 1700 च्या आसपासच पडत होती, म्हणून मला तो आकडा भरवशाचा वाटला.

साहेबांनी तिसराच आकडा पुढे केला. "बोर्डावर गेलंय तेच लिहा, पंधराशे." तो किमान 500 आणि कमाल 2500 यांच्या बरोबर मधला. याचा मला मनापासून राग येतो. सर्वसाधारण दराच्या रकान्यात दोन टोकांची बेरीज करून निम्मं लिहायचं, ही सवय लागलेली आहे. त्या निवडक गाडीला 2500 ऐवजी 3000 मिळाले असते तर बाकी एकाही शेतकऱ्याला रुपया जास्त न मिळता बोर्डावरचा भाव 1750 झाला असता. घरी बसून बोर्ड वाचणारा माणूस त्यावर विसंबून गाडी भरतो.

मध्यक कुणीच मागितला नव्हता. भाव चढत्या क्रमाने लावले की आठवी गाडी 1450 ची. तो आकडा मला आवडतो, कारण 2500 च्या जागी 3000 आले तरी तो हलत नाही. पण तो गाड्यांमधला मधला आहे आणि त्यातही रिक्षा आणि ट्रॉली सारख्याच.

म्हणून मी काटापट्ट्या काढल्या. गोल्टीच्या गाड्या आणि 2500 ची गाडी दहा-दहा क्विंटलच्या, मधल्या सहा वीस-वीसच्या, 1700 आणि 1750 च्या चारही ट्रॉल्या तीस-तीसच्या. एकूण आवक 290 क्विंटल, उलाढाल 4,26,500 रुपये. भागाकार 1471. त्या दिवशीच्या आवारातल्या सबंध कांद्याची सरासरी काढायची तर हीच खरी, आणि ती गाड्यांच्या सरासरीपेक्षा शंभरावर रुपयांनी जास्त होती.

1367 आणि 1700 यांत तीस क्विंटलमागे दहा हजारांचा फरक पडतो. एवढी रक्कम माझ्या एका ओळीवर अवलंबून होती. आणि सर्व्हेअरचा खरा प्रश्न आवारातल्या भावाचा नव्हताच. ही एक ट्रॉली लिलावात उभी राहिली असती तर काय मिळालं असतं, हा होता. मालाबद्दल काहीच माहिती नसेल तर 1471 ठीक. पण इथे माहिती होती. त्याच कांदाचाळीतली आदली ट्रॉली त्यांनी आदल्या दिवशी आमच्याच आवारात विकली होती. माझ्या रजिस्टरला ती 1600 ला होती आणि त्या दिवशी सर्वाधिक माल 1650 ला गेला होता. म्हणजे त्यांचा कांदा चांगला, पण गर्दीच्या भावापेक्षा पन्नासने कमी. अपघाताच्या दिवशी तो 1650 च्या आसपास गेला असता, असं मला वाटतं.

हे मात्र दाखल्यावर लिहिता येत नाही. न झालेल्या लिलावाचा भाव बाजार समिती प्रमाणित करू शकत नाही. दाखल्यात मी लिहिलं: किमान 500, कमाल 2500, सर्वाधिक माल विकला गेला तो भाव 1700, उलाढालीवरून वजनी सरासरी 1471, सोबत पंधराही गाड्यांची यादी, गोल्टी वेगळी दाखवून. साहेबांनी कुरकुरत सही केली. शेतकऱ्यांना म्हटलं, "अण्णा, आदल्या दिवशीची सौदापट्टी आणि काटापट्टी दोन्ही जोडा. तुमच्या मालाची प्रत त्यावरूनच कळेल."

सर्व्हेअरचा पुन्हा फोन आला, "मॅडम, रकाना एकच आहे, आकडा एकच द्या." मी नाही दिला. चारपैकी कोणताही एक दिला असता तर उरलेले तीन मी दडवल्यासारखे झाले असते. दावा अजून मिटलेला नाही. मी साहेबांच्या मागे लागले आहे की रोजच्या अहवालात गोल्टीची ओळ वेगळी जाऊ द्या, आणि सर्वसाधारण दर दुपारी न भरता काटापट्ट्या आल्यावर भरू द्या. साहेब म्हणतात, तोवर वर्तमानपत्रांचे फोन येऊन जातात.