लिलावाच्या टेबलावर पहिल्यांदा बसलो तेव्हा

क्रिकेट लीगच्या लिलावात संघाच्या टेबलावर बसायची माझी ती पहिलीच वेळ. हिशेबाची वही माझ्याकडे होती. प्रत्येक संघाला 1000 गुणांची पर्स, किमान 15 खेळाडू घेणं बंधनकारक आणि प्रत्येकाची मूळ किंमत 20. मला वाटलं होतं, खिशात 1000 आहेत म्हणजे 1000 पर्यंत बोली लावता येते. तसं नसतं. उरलेल्या जागा मूळ किमतीत भरता येतील एवढी रक्कम राखून ठेवावीच लागते. म्हणजे सुरुवातीलाच चौदा जागांचे 280 बाजूला, आणि आमची सर्वात मोठी बोली 720.

पहिल्याच फेरीत आम्ही एक अष्टपैलू 310 ला घेतला, लगेच एक वेगवान गोलंदाज 240 ला. टेबलावर सगळे खूश. मी वहीत मांडलं: उरले 450, जागा तेरा, त्यातल्या पुढच्या बारा जागांसाठी राखीव 240, म्हणजे पुढची कमाल बोली 210. तेवढ्यात आम्हाला हवा असलेला यष्टिरक्षक आला. आम्ही 210 पर्यंत गेलो, समोरच्या संघाने 220 म्हटलं आणि आमचा फलक खालीच राहिला. याच संघाला आम्ही आधीच्या दोन्ही बोलींत हरवलं होतं. त्यामुळेच त्यांची पर्स जड होती, आणि मला तिथेच कळलं की संघांची ताकद समान कशी राखली जाते. तुम्ही एका ताऱ्यावर उधळलेला प्रत्येक गुण पुढच्या खेळाडूसाठी प्रतिस्पर्ध्याला मोकळीक देतो. आयपीएलच्या 2025 हंगामासाठीच्या लिलावात लखनौने ऋषभ पंतवर 27 कोटी लावले, तेव्हा 120 कोटींच्या पर्सचा पाचव्याहून मोठा हिस्सा एकाच नावावर गेला होता.

पण पर्स समान असली तरी नावं कोणत्या क्रमाने पुकारली जातात यावर बरंच ठरतं. सुरुवातीला सगळ्यांकडे गुण असतात म्हणून भाव चढतात. शेवटी पर्स रिकाम्या झाल्या की तेवढाच चांगला खेळाडू मूळ किमतीत जातो. हा दोष मर्यादेने जात नाही, आणि खेळाडूवर तो अन्यायच आहे असं मला वाटतं.

यष्टिरक्षक गेल्यावर मी आमच्यासोबत इतर संघांचीही कमाल बोली मांडू लागलो. शेवटाला आमच्याकडे 60 गुण आणि दोन जागा होत्या. एक फिरकीपटू पुकारला गेला. तो हवा असलेला दुसरा एकच संघ उरला होता, त्यांच्याकडे 40 गुण आणि दोन जागा. म्हणजे त्यांना 20 च्या पुढे जाताच येत नव्हतं. त्यांनी 20 म्हटलं. मी कर्णधाराला वही दाखवली, त्याने फलक उचलून 30 म्हटलं, आणि तिसऱ्यांदा पुकारून हातोडा पडला.