C फॉरमॅट केला आणि कुलूप D ला लागलं

मी ऑफिसात आयटी सपोर्ट बघतो. नियमाने घरचे लॅपटॉप आमच्या टेबलावर यायला नकोत, पण येतातच. अकाउंट्समधल्या मॅडम त्यांचा घेऊन आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, ‘‘अहो, माझा सगळा डेटा D मध्ये होता. C मध्ये मी काहीच ठेवत नाही.’’

लॅपटॉप फार मंद झाला म्हणून त्यांनी तो दुरुस्तीला दिला होता. दुरुस्ती करणाऱ्याने C फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं आणि D ला हातही लावला नाही. वेगळा डेटा ड्राइव्ह करायचा तो नेमका ह्यासाठीच असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय, त्यामुळे त्याचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. फक्त आता D च्या चित्रावर पिवळं कुलूप दिसत होतं आणि डबलक्लिक केलं की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जात होती. ‘‘फॉरमॅट करून D चालू करून देऊ का, असं तो विचारत होता,’’ त्या म्हणाल्या. नाही म्हणून त्या तिथून उठल्या, तेवढ्यानेच डेटा वाचला.

झालं होतं ते असं. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज स्वतःहून ड्राइव्ह एन्क्रिप्ट करतं, मालकाला पत्ताही नसतो. ह्या लॅपटॉपवर C आणि D दोन्ही तसे होते. रोज लॅपटॉप सुरू केला की D आपोआप उघडायचा, कारण D उघडायची किल्ली C वरच्या विंडोजमध्ये जपलेली असते. C पुसला तेव्हा ती किल्लीही पुसली गेली. म्हणजे D मधला डेटा सुखरूप आहे, अगदी शेवटच्या फाइलपर्यंत, पण नव्या विंडोजला तो उघडता येत नाही. आणि रिकव्हरी की मिळाली नाही तर तो मलाही उघडता येत नाही, डेटा रिकव्हरीच्या महागड्या सॉफ्टवेअरलाही नाही.

मी आधी एवढंच बघितलं की D नेमकी कोणती की मागतोय. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला:

```
manage-bde -protectors -get D:
```

ड्राइव्ह कुलूपबंद असला तरी ही कमांड त्या कीचा आयडी दाखवते. की स्वतः दाखवत नाही, पण कोणती शोधायची ते कळतं. आयडीची पहिली ८ अक्षरं मी कागदावर लिहून घेतली आणि मॅडमना त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करायला सांगितलं. अशा आपोआप झालेल्या एन्क्रिप्शनची की सहसा तिथे जमा होते, account.microsoft.com/devices/recoverykey ह्या पानावर. पान रिकामं निघालं.

अशा वेळी मी एकच प्रश्न विचारतो: लॅपटॉप नवा आला तेव्हा पहिल्यांदा कोणी सुरू करून दिला? ‘‘मुलाने,’’ त्या म्हणाल्या. की त्या पहिल्या खात्यात जाते. पुढे लॅपटॉप कोणी का वापरेना. मुलाला फोन लावला. त्याच्या खात्यात दोन ओळी निघाल्या, एकीपुढे OSV लिहिलेलं, दुसरीपुढे FDV. पहिली विंडोजच्या ड्राइव्हची, म्हणजे जुन्या C ची, तिचा आता काही उपयोग नव्हता. दुसरी डेटा ड्राइव्हची. तिच्या आयडीची ८ अक्षरं माझ्या कागदाशी जुळली.

की ६ आकड्यांच्या ८ गटांत असते आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. म्हणून फोनवर सांगताना एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तर कोणता गट चुकला ते भागाकार करून शोधता येतं. आमचा एक गट तसाच चुकला होता. तो दुरुस्त केला आणि D उघडला. काही फोल्डर परवानगी नाही म्हणून अडून बसले, कारण त्यांचा मालक जुन्या विंडोजमधला युजर होता. तिथे Continue दाबलं की काम होतं. बाकी काही करायच्या आधी सगळं एक्स्टर्नल ड्राइव्हवर कॉपी करून घेतलं.

आता मूळ दुखणं. लॅपटॉप मंद का झाला होता? ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण ४७६ जीबी दिसते. त्यातले १०० जीबी C ला आणि उरलेले जवळजवळ सगळे D ला दिले होते. डेटा D मध्ये ठेवायचा नियम मॅडमनी इमानाने पाळला होता, पण प्रोग्रॅम तो पाळत नाहीत. ईमेलचा साठा, ब्राउझरचा पसारा, फोनचा बॅकअप, विंडोजचे अपडेट, सगळं मुकाट्याने C वर जातं. C भरत भरत लाल झाला, अपडेट अडकू लागले, आणि शेजारी D अर्ध्याहून अधिक रिकामा होता.

‘‘मग D थोडा लहान करून C ला द्या ना,’’ मॅडम म्हणाल्या. सगळ्यांना हेच सुचतं, आणि इथेच सगळे अडकतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये D वर Shrink Volume केलं की जागा D च्या उजव्या टोकाला मोकळी होते. C ला मात्र स्वतःला लागून उजवीकडे असलेलीच जागा घेता येते. मध्ये D उभा, म्हणून C वरचा Extend Volume पुसट दिसतो, दाबताच येत नाही. D अख्खा उजवीकडे सरकवणारे प्रोग्रॅम मिळतात, पण ते एकेक तुकडा करत सगळा डेटा नव्या जागी लिहितात. काम अर्ध्यावर असताना बॅटरी संपली तर D धड जुन्या जागी नसतो, धड नव्या. बॅकअप नसताना मी हे कोणाच्याही लॅपटॉपवर करत नाही. आणि बॅकअप असेल तर सरकवायची गरजच काय? D उडवायचा, C वाढवायचा. आम्ही तेच केलं, मिनिटभराचं काम. विंडोज दुरुस्तीसाठी राखून ठेवतं ते रिकव्हरी पार्टिशन D च्या पलीकडे होतं म्हणून सोपं गेलं. ते C आणि D च्या मध्ये असतं तर इथेही अडलो असतो.

मॅडमना रिकामं रिकामं वाटलं. ‘‘एकच ड्राइव्ह? व्हायरस आला तर?’’ व्हायरस C आणि D असा भेद करत नाही, त्याला दिसतील तेवढे ड्राइव्ह त्याचे. एसएसडी बिघडली तर दोन्ही एकदम जातात, कारण चिप त्याच. वेगही वाढत नाही. उलट C वरची मोठी फाइल D वर हलवायची तर ती पूर्ण नव्याने लिहावी लागते, एकाच ड्राइव्हमध्ये नुसता पत्ता बदलतो. शिल्लक राहतो तो एकच फायदा, विंडोज पुन्हा टाकताना डेटा बाजूला राहण्याचा, आणि त्याची अट त्यांनी नुकतीच बघितली होती. लॅपटॉपमध्ये खरोखरची दुसरी एसएसडी असेल किंवा विंडोजसोबत लिनक्स ठेवायचं असेल, तर वेगळी गोष्ट.

शेवटी त्यांच्या स्वतःच्या खात्याने लॉगिन करून एन्क्रिप्शन चालू केलं आणि नवी की फाइलमध्ये घ्यायला गेलो. मॅडम म्हणाल्या, ‘‘डेस्कटॉपवरच ठेवा, सापडायला बरं.’’ विंडोजने ते मानलं नाही. एन्क्रिप्ट केलेल्या ड्राइव्हवर त्याचीच की ते ठेवू देत नाही. मग प्रिंट काढली, आणि ती लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका एवढं मी सांगितलं.