फोन राउंड नको, व्हिडिओ द्या: एचआरला लिहिलेला मेल

माझ्या दोन्ही कानांची श्रवणहानी ६५ डेसिबलच्या आसपास आहे. मशीन लावतो, पण निम्मं ऐकणं ओठांवरच चालतं. त्यामुळे नोकरीच्या मुलाखतीसाठी एचआरचा मेल आला, ‘परवा अकरा वाजता पहिला राउंड फोनवर’, तेव्हा पोटात गोळा आला. याआधी एकदा काही न सांगता फोन घेतला होता. चार वेळा ‘सॉरी, परत सांगता का?’ म्हटलं आणि पुढे काहीच कळवलं गेलं नाही.

या वेळी लिहायचं ठरवलं. पहिला मसुदा म्हणजे दीड पानी आत्मचरित्र: लहानपणचा ताप, ऑडिओग्राम, दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखपत्राची प्रत. बायकोने वाचून विचारलं, “यात त्यांनी नक्की करायचं काय?” ते कुठेच नव्हतं! सगळं खोडलं. पाठवलेल्या इंग्रजी मेलचा आशय एवढाच होता:

‘मुलाखतीच्या वेळेबद्दल धन्यवाद. मला कमी ऐकू येतं. मी श्रवणयंत्र आणि ओठवाचन वापरतो. फोनऐवजी व्हिडिओ कॉल ठेवता येईल का? बोलणाऱ्याचा कॅमेरा सुरू असावा आणि कॅप्शन चालू करता यावेत. आपल्या वेबसाइटवरील समान संधी धोरणानुसार ही विनंती करतो आहे. पॅनेललाही कळवावे.’

धोरणाचं वाक्य मुद्दाम घातलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खासगी कंपन्यांनाही असं धोरण जाहीर करणं बंधनकारक केलंय. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील, तर त्यात दिव्यांगांसाठीच्या सोयी आणि संपर्क अधिकारी यांचा उल्लेख लागतो. कलम मात्र लिहिलं नाही. पहिल्याच मेलमध्ये कलम दिसलं की समोरचा वकील शोधायला लागतो, असं माझं मत.

दोन तासांत उत्तर: ‘काळजी करू नका, आम्ही मोठ्याने बोलू.’ हसावं की रडावं! मोठ्याने बोललं की यंत्रात आवाज फाटतो, अक्षरं सुटी होत नाहीत. मी परत दोनच ओळी लिहिल्या: मोठ्याने नको, नेहमीच्या आवाजात, एका वेळी एकानेच बोलावं; व्हिडिओची लिंक कधी पाठवाल? लिंक आली.

तो राउंड छान गेला. गोची पुढच्या फेरीत झाली. तिघं एका खोलीत, लांब टेबलापलीकडे, कॅमेरा एकच. ओठ दिसणार कसे? कॅप्शनही मराठी-इंग्रजी मिसळलं की भलतंच काही छापत होते. माझा मेल एचआरकडेच राहिला होता, पॅनेलपर्यंत पोचलाच नव्हता. मी तिथेच चॅटमध्ये विनंती टाकली: प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून जोडावं, लांबलचक प्रश्न चॅटमध्ये लिहावेत. पाच मिनिटं गेली, पण तिघांचे चेहरे तीन चौकटींत आले.

आता प्रत्येक फेरीच्या आदल्या दिवशी तोच मेल नव्याने पाठवतो, आणि ‘एक माणूस, एक कॅमेरा’ ही ओळ सगळ्यात वर असते.