आमची वाटचाल : एकरकमी आकड्यापासून दरजांच्या मापापर्यंत

जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचं काम करणारी आमची छोटी फर्म. लोकांच्या मालकीच्या एका लहान मंदिरासाठी अनुदानाचा पहिला प्रस्ताव आम्हीच लिहिला आणि तो परत आला. त्यात ‘भिंतींची दुरुस्ती’ म्हणून एकच एकरकमी आकडा होता आणि फलित म्हणून ‘मंदिर सुस्थितीत येईल’ एवढंच वाक्य. परीक्षकांनी विचारलं, हा आकडा आला कुठून? आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मग आम्ही पुन्हा भिंतीपाशी गेलो. गाभाऱ्याच्या बाहेरून पूर्वी कुणीतरी दरजा, म्हणजे दगडांच्या सांध्यांतल्या फटी, सिमेंटने भरल्या होत्या. सिमेंट दगडापेक्षा घट्ट, त्यामुळे आत शिरलेलं पाणी दरजेतून बाहेर पडत नाही, दगडातूनच सुकतं. सोबत आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साठतात. बोट फिरवलं की पांढरा लोणा आणि दगडाची भुकटी हाताला लागत होती. म्हणजे खरं काम होतं सिमेंट काढून चुन्याने दरजा भरण्याचं.

तीन ठिकाणी एकेक चौरस मीटर आखून दरजांची लांबी मोजली, सरासरी 6 मीटर आली. भिंत 80 चौरस मीटर, म्हणून 480 मीटर दरजा. रुंदी 20 मिलिमीटर आणि खोली रुंदीच्या दुप्पट धरली, तर 0.384 घनमीटर मसाला. नासाडीसाठी 20 टक्के वाढवले. परांची, कारागिरांचे दिवस, चुना भिजवत ठेवायला लागणारं पाणी, सगळं याच मापावरून निघालं. सिमेंट छिन्नीने हातानेच काढायचं, कारण यंत्राने दगडाच्या कडा फुटतात. त्यामुळे मजुरी जास्त होती, पण आता तिचं कारण लिहिता येत होतं.

फलिताचा प्रश्न त्याहून अवघड. काम झाल्यावर ओल मोजून उपयोग नाही, आधीची नोंद हवी. आम्ही गाभाऱ्यात 12 जागा ठरवल्या आणि प्रत्येक जागेचा फोटो काढून ठेवला. मॉइश्चर मीटरचा आकडा दगडात फक्त तुलनेसाठी चालतो, त्यातही क्षारांमुळे तो फुगतो. म्हणून त्याच जागी, त्याच ऋतूत, पुन्हा मोजायचं असं लिहिलं. शिवाय मोठ्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. पट्टी तडकली की भेग हलते आहे, मग दरजा भरून भागणार नाही.

या मोजणीसाठी आम्ही अंदाजपत्रकात वेगळी ओळ ठेवली, कामाआधीची एक फेरी आणि नंतरच्या दोन पावसाळ्यांच्या. विश्वस्तांना हा खर्च आधी पटेना. ‘एवढ्यात आणखी एक भिंत होईल’, असं त्यांतल्या एका काकांचं म्हणणं. त्यांना आतल्या भिंतीवर लोणा आलेली जागा दाखवली, मागच्या दुरुस्तीनंतर तो वाढला की कमी झाला हे सांगता येईल का विचारलं. त्यांना आठवत नव्हतं. पुढच्या बैठकीत ठरावात ती ओळ त्यांनीच वाचून दाखवली. दुसरा प्रस्ताव मंजूर झाला.