तलपट जुळलं होतं, तरी ऑडिटमध्ये तीस कॉइल अडकल्या (माझा अनुभव)

आमचं इंदूरला इलेक्ट्रिकलच्या सामानाचं दुकान आहे, वायर, स्विच, एमसीबी, पंखे वगैरे. घर रामबागेत. दुकान बाबांनी टाकलं, आता मी आणि दादा बघतो. वही लिहायला एक मुनीम काका येतात, आठवड्यातून तीन दिवस, टॅली तेच चालवतात. इतकी वर्षं मला वाटायचं की ऑडिट म्हणजे मुनीम काकांनी लिहिलेलं सीएने एकदा वाचायचं आणि शिक्का मारायचा. २०२३-२४ च्या हिशोबाला पहिल्यांदा ऑडिट लागलं तेव्हा कळलं की ते काम वेगळंच आहे. म्हणून लिहितोय, आमच्यासारखे बरेच दुकानदार असतील.

आधी हे की ऑडिट का लागलं. त्या वर्षी आमची विक्री १ कोटी ४६ लाख झाली. त्याआधी आम्ही इन्कम टॅक्सच्या ४४एडी कलमात भरायचो, म्हणजे वहीत नफा काहीही असो, रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्यावर ६ टक्के नफा धरायचा न् टॅक्स भरून मोकळं व्हायचं. पण वायरच्या धंद्यात एवढं सुटत नाही हो, आमचं खरं मार्जिन साडेचारच्या आसपास. दादा म्हणाला जेवढा नफा झाला तेवढाच दाखवू. सीए मॅडम म्हणाल्या, दाखवा, पण मग विक्री १ कोटीच्या वर आहे आणि गल्ल्यात रोख भरपूर येते, तेव्हा ४४एबी खाली टॅक्स ऑडिट करावंच लागेल, आणि एकदा ४४एडी सोडलं की पुढची पाच वर्षं परत त्यात येता येणार नाही, ते बघा. (१० कोटीची मर्यादा पण आहे, पण ती ज्यांची रोख आवक आणि रोख जावक दोन्ही ५ टक्क्यांच्या आत आहे त्यांना. आमच्या गल्ल्याकडे बघून मॅडम हसल्याच.) ऑडिट नाही केलं तर तेव्हा दंड होता विक्रीच्या अर्धा टक्का, जास्तीत जास्त दीड लाख, म्हणजे आमच्या केसमध्ये ७३ हजार. झालं, ठरलं.

मी साधेपणाने विचारलं, मॅडम, मग तुमच्याच ऑफिसने वही पण लिहावी ना, मुनीम काकांचा पगार वाचेल. त्या म्हणाल्या, नाही चालत, जी वही मी लिहिली तिचं ऑडिट मी करू शकत नाही, आपलाच पेपर आपणच कसा तपासायचा. तेव्हा मला पहिल्यांदा फरक थोडा लक्षात आला. वही लिहिणारा आपल्या बाजूचा माणूस, जे बिल त्याच्या हातात पडलं ते तो चढवतो. ऑडिटवाला बाहेरचा, तो विचारतो की जे बिल हातात पडलंच नाही त्याचं काय.

ऑगस्टमध्ये मॅडमच्या ऑफिसातून एक सीए होण्यासाठी आर्टिकलशिप करणारा मुलगा आला. मुनीम काका तयारीत होते, कारण त्यांचं तलपट, म्हणजे सगळ्या खात्यांची जमा आणि नावे बाजूची बेरीज, पैशापर्यंत जुळलेलं. त्यांचं ठरलेलं वाक्य, “भैया, तलपट मिल गया तो समझो हिसाब सही।” आणि मी पण तेच समजत होतो. पोराने तलपट पाहिलं, मान हलवली, आणि म्हणाला गोदामात जाऊ या का. काकांना थोडा राग आला, वही इथे आणि हा गोदामात काय बघणार.

त्याने सगळं नाही मोजलं, ते पण सांगून टाकतो, कारण मला वाटलं होतं एक-एक स्विच मोजणार. त्याने महागाचे दहा-बारा आयटम निवडले. त्यात एक ९० मीटरच्या वायरची कॉइल, आम्हाला पडते १५०० रुपयाला. त्या दिवशी गोदामात २६ कॉइल निघाल्या. मग तो उलटा हिशोब करायला बसला. १ एप्रिलपासून त्या दिवसापर्यंत विक्रीच्या बिलांत ६४ कॉइल गेलेल्या, खरेदीच्या बिलांत ७० आलेल्या. मग ३१ मार्चला किती असायला पाहिजेत? आज आहेत त्या २६, त्यात विकलेल्या ६४ मिळवा, झाल्या ९०, त्यातून नंतर आलेल्या ७० काढा, राहिल्या २०. आणि ३१ मार्चच्या स्टॉकच्या यादीत लिहिलंय ५०. ती यादी मी आणि दादानेच रात्री अकरापर्यंत बसून हाताने केलेली.

मला घामच फुटला, वाटलं तीस कॉइल चोरीला गेल्या की काय. दादा म्हणाला यादी चुकली असेल, मी म्हटलं नाही, मी स्वतः मोजलं, पन्नासच होत्या. आणि खरंच पन्नासच होत्या!

पोराने पुढे काय केलं तर आमच्या मोठ्या पार्टींना पत्र पाठवायला लावलं, की ३१ मार्चला तुमच्या वहीत आमच्याकडून किती येणं आहे ते लिहून पाठवा. याला बॅलन्स कन्फर्मेशन म्हणतात. ही गोष्ट मला सगळ्यात पटली, कारण आपली वही आपणच लिहिलेली, तिला विचारून ती काय वेगळं सांगणार, समोरच्याची वही विचारली पाहिजे. वायरच्या पार्टीचं उत्तर आलं. आमच्या वहीपेक्षा त्यांचं येणं ५३,१०० ने जास्त. खाली त्यांच्या खात्याचा उतारा होता, २८ मार्चचं एक बिल, ३० कॉइल, ४५,००० अधिक १८ टक्के जीएसटी ८,१००.

आता उलगडलं. माल २९ मार्चला आला, हमालाने उतरवून घेतला, बिल त्याने काउंटरवर ठेवलं आणि मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं, वरून कॅटलॉग पडले. ४ एप्रिलला मुनीम काकांना सापडलं, त्यांनी त्याच दिवशीच्या तारखेला चढवलं. म्हणजे माल मार्चच्या स्टॉकमध्ये मोजला गेला आणि त्याची खरेदी एप्रिलच्या खात्यात, नवीन वर्षात गेली. त्या ७० मध्ये ह्याच ३० होत्या. (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या २बी यादीत पण हे बिल मार्चलाच दिसत होतं, कारण पार्टीने बरोबर तारखेला टाकलेलं. आम्ही कधी तारखेवार ताडून पाहिलंच नव्हतं.)

यात खरी गंमत अशी की तलपट तरी जुळत होतं. मार्चमध्ये खरेदी पण नाही लिहिली आणि पार्टीचं देणं पण नाही लिहिलं, दोन्ही बाजूंनी तेवढंच कमी, मग जुळणारच ना. तलपट फक्त एवढं सांगतं की जे लिहिलं ते दोन्ही बाजूला सारखं लिहिलं, जे लिहिलंच नाही त्याबद्दल ते गप्प. काकांची चूक म्हणावी तर तशी पण नाही, त्यांच्या हातात बिल ४ तारखेला आलं. ड्रॉवर माझा होता.

परिणाम किती झाला ते सांगतो. आमच्या वहीत नफा ६,८७,००० निघत होता. स्टॉकमध्ये ४५,००० चा माल आहे पण त्याची खरेदी नाही, म्हणजे तेवढा नफा हवेतला. (८,१०० यात येत नाही, कारण जीएसटीचं क्रेडिट आपल्याला मिळतं, तो खर्चात धरत नाही.) बिल मार्चमध्ये नेलं, नफा ६,४२,००० झाला. म्हणजे ऑडिट झालं नसतं तर आम्ही न झालेल्या कमाईवर टॅक्स भरला असता आणि पुढच्या वर्षी नफा तेवढाच कमी दिसला असता. मला उगाच वाटायचं की ऑडिटमध्ये टॅक्स वाढतोच, इथे आधी कमी झाला.

आधी म्हणतोय, कारण पुढे एक वाढला पण. जानेवारीत एका फिटिंगवाल्या पार्टीला दादाने १८,००० रोख दिले, सकाळी ९,५०० आणि संध्याकाळी ८,५००. दादाचं गणित असं की एका वेळी दहा हजाराच्या आत ठेवलं की झालं. पण कायदा एका दिवसात एका माणसाला एकूण किती रोख दिली ते बघतो, १०,००० च्या वर गेलं की तो सगळा खर्च टॅक्ससाठी धरत नाहीत. काकांची नोंद इथे शंभर टक्के बरोबर होती, तारीख बरोबर, रक्कम बरोबर, पावती लावलेली. वही म्हणून त्यात काहीच खोट नाही. पण ऑडिटच्या ३सीडी फॉर्ममध्ये हाच प्रश्न वेगळा विचारलेला आहे आणि मॅडमला तो लिहावाच लागतो, आपण कितीही चहा पाजा. ६,४२,००० मध्ये १८,००० मिळवून टॅक्ससाठी उत्पन्न ६,६०,००० धरलं गेलं. वहीतला नफा मात्र ६,४२,००० च राहिला, ही दोन वेगळी आकडेमोड आहेत हे मला दोनदा समजावून घ्यावं लागलं.

मी मॅडमना शेवटी विचारलं, मग आता तुम्ही सही केली म्हणजे सगळं बरोबर ना? त्या स्पष्ट म्हणाल्या, “भाऊ, वही तुमची, तिची जबाबदारी तुमची. मी नमुन्याला काही बिलं बघितली, काही माल मोजला, काही पार्टींना विचारलं, त्यावरून माझं मत लिहिते की हिशोबातून धंद्याचं चित्र खरं आणि वाजवी दिसतंय. प्रत्येक बिलाची गॅरंटी मी देत नाही.” हे मत ३सीबी मध्ये असतं आणि बारीकसारीक माहिती ३सीडी मध्ये. रिपोर्टवर सीएचा अक्षरं-आकडे मिळून १८ चिन्हांचा यूडीआयएन नंबर असतो, तो जरूर बघा, नसेल तर विचारा.

शेवटी मी अजून एकदा गडबड करणार होतो. मॅडमनी रिपोर्ट पोर्टलवर चढवला आणि मला वाटलं काम झालं. तर नाही, आपल्या लॉगिनमधून तो स्वीकारावा लागतो, Pending Actions मधल्या Worklist मध्ये जाऊन, तोपर्यंत तो भरलेला धरत नाहीत. शेवटची तारीख ३० सप्टेंबर २०२४ होती, (नंतर ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली, पण ते आधी कोणाला माहीत होतं) आणि २८ च्या रात्री मॅडमचा फोन, भाऊ तुम्ही अजून स्वीकारलं नाही. पासवर्ड दादाच्या डायरीत, डायरी दुकानात, दुकान बंद. रात्री साडेदहाला शटर उघडून डायरी काढली.

आता गोदामाच्या दाराला एक आवक रजिस्टर बांधून ठेवलंय, माल उतरला की हमालच तारीख, पार्टी आणि नग लिहितो, बिल येवो न येवो. ३१ मार्चला काका ते रजिस्टर आणि खरेदी खातं समोरासमोर ठेवून शेवटचे दहा दिवस ताडतात. कुरकुर करतात, म्हणतात तलपट तो मिल गया था. आणि माझ्या ड्रॉवरची किल्ली दादाने स्वतःकडे ठेवलीय.