आमची वाटचाल: 51 सेल आणि एक उसना

नमस्कार मंडळी. जळगावला अजिंठा चौफुलीकडे आपलं छोटं दुकान आहे. आधी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत पाणी टाकायचो, मग फवारणी पंपाचे लिथियम पॅक बांधायला लागलो. पहिला पॅक चोपड्याच्या आमच्या केळीवाल्या आबांनी घेतला, "तू कर भो, मी शे ना" म्हणाले आणि पैसे आधी दिले. मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत, धंदा चालला. सांगायचंय ते कॉलेजच्या पोरांच्या गाडीचं, कारण त्या एका पॅकने शटर पाडायची वेळ आणली आणि गावात अर्धीच गोष्ट फिरली.

पोरांना एकच माणूस बसेल अशा विजेवरच्या गाडीला 48 व्होल्टचा पॅक हवा होता. 13 ग्रुप सिरीजमध्ये, प्रत्येकात 4 सेल पॅरलल, म्हणजे 2600 एमएएचचे 52 सेल. प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि इंटर्नल रेझिस्टन्स मोजून वहीत लिहिलं, पॉझिटिव्ह टोकाला फिशपेपरच्या रिंगा लावल्या, 0.15 मिमीची निकेल पट्टी स्पॉट वेल्डरवर. (वेल्डर माझा स्वतःचा बांधलेला, ठिपका कसा बसला ते आवाजावरून कळतं. आणि सेलला सोल्डरिंग आयर्न लावू नका राव, हात जोडून सांगतो.) बीएमएस म्हणजे पॅक सांभाळणारं सर्किट, त्याच्या 14 सेन्स वायर लावल्या आणि कनेक्टर घुसवायच्या आधी मीटरने एकेक पिन पुढे जात प्रत्येक पायरीला साडेतीन-पावणेचार व्होल्ट वाढतात का बघितलं, तिथे एक वायर इकडची तिकडे झाली की बीएमएस गेलाच समजा.

पण लॉटमध्ये एक सेल कमी आला. पोरांची स्पर्धा तोंडावर, म्हणून मी डब्यातला जुन्या लॉटचा एक टाकला. व्होल्टेज सारखं, रेझिस्टन्स सारखा, मग काय.

दीड महिन्यात पोरं पॅक घेऊन परत. चार किलोमीटरवर गाडी बंद. आमच्याच लाइनमधल्या एका दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, पॅक 46 व्होल्ट दाखवतोय म्हणजे भरलेला आहे, मोटरचा कंट्रोलर उडालाय, आणि लिथियमचं काम पुण्याहूनच करून आणायचं असतं. हा स्वतः जुन्या लॅपटॉपचे सेल नवं कव्हर चढवून विकतो! मी पॅक उघडला आणि ग्रुपवार मोजलं. 12 ग्रुप 3.62 वर आणि नववा 2.80 वर, बेरीज 46.24. बीएमएस एकूण बघतच नाही, एकेक ग्रुप बघतो, नववा खाली गेला की त्याने सप्लाय तोडला, म्हणजे त्याने त्याचं काम बरोबर केलं.

पोरं म्हणाली, काका, याच्यात बॅलन्सिंग आहे ना, रात्रभर चार्जिंगला लावू. अरे बाबांनो, हा बॅलन्सर खालच्या ग्रुपला वर उचलत नाही, वरच्या ग्रुपांची वीज छोट्या रेझिस्टरमधून जाळतो, तीही पॅक जवळजवळ भरल्यावर, 50 मिलिअँपियरने. इथे फरक 4 अँपियर-अवरचा, म्हणजे 80 तास. आणि ज्या ग्रुपला आतून गळती आहे तो तोवर अजून खाली गेलेला असणार.

मग नववा ग्रुप सोडवला, चारी सेल सुटे करून 4.10 पर्यंत भरले आणि आठ दिवस ठेवून दिले. तीन जागेवरच राहिले, चौथा 3.80 वर आला. तो डब्यातलाच. मीटर त्याला पहिल्या दिवशी पास करणारच, कारण गळती ना व्होल्टेजमध्ये दिसते ना रेझिस्टन्समध्ये, ती दिवस गेल्यावरच दिसते. आणि पॅरललमध्ये असल्यामुळे त्याने शेजारच्या तिघांनाही रिकामं केलं. चूक माझी, लिहून देतो. पण कंट्रोलरची नव्हती आणि बीएमएसची तर नव्हतीच.

नव्या लॉटचे चार सेल टाकले, तो ग्रुप वेगळा भरून बाकीच्यांच्या बरोबरीला आणला आणि मगच जोडला. आता कुठलाही सेल दोन आठवडे भरून ठेवल्याशिवाय पॅकमध्ये जात नाही, गिऱ्हाईक ओरडलं तरी.

पण तोवर बोंब झालीच होती. त्या सीझनला पंपाच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या, वेल्डर विकायला काढला होता. आबांना कुणीतरी सांगितलं तर ते दुकानात येऊन बसले, वही मागितली, आठ दिवसांचे आकडे बोट ठेवून वाचले आणि सहा पंपांची ऑर्डर लिहून गेले.

पोरांची गाडी स्पर्धेत पूर्ण धावली, पॅक अजून चालू आहे. कॉलेजकडून बिलाचे चार हजार अजून यायचेत, फोन केला की म्हणतात, फाईल वर गेलीय.