चारोळीची वही: क-ख, ख-क

या महिन्यात फक्त कायॅझमसवर काम केलं. ओळीच्या पहिल्या अर्ध्यात क-ख, दुसऱ्यात ख-क. चमकदार ओळ मिळते म्हणून आपण सगळेच तिच्या नादी लागतो. पण तिच्यामुळे विधानाला धार येते ती नेमकी कुठून, हे मला पाहायचं होतं.

सुरुवात शाळेत पाठ केलेल्या सुभाषितापासून केली. 'पयसा कमलं कमलेन पयः पयसा कमलेन विभाति सरः'. पाण्याने कमळ शोभतं, कमळाने पाणी, दोघांनी मिळून तळं. मग मणी, कंकण आणि हात. मग चंद्र, रात्र आणि आकाश. शेवटी 'कविना च विभुर्विभुना च कविः कविना विभुना च विभाति सभा'. आपल्या अलंकारशास्त्रात हा अन्योन्य. अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'तलं त्याचं उदाहरणही असंच आरशातलं आहे: 'त्रियामा शशिना भाति शशी भाति त्रियामया'.

आता शेवटची जोडी नीट बघा. राजामुळे कवीला शोभा येते, हे दरबारात कुणीही मान्य करील. कवीमुळे राजाला शोभा येते, हे म्हणायला धाडस लागतं, आणि तेच आधी म्हटलंय. वृत्ताची सक्ती म्हणावी तर तीही नाही. हा तोटक आहे, प्रत्येक चरणात लघु-लघु-गुरू चार वेळा. 'विभुना च कविः कविना च विभुः' असं उलटवलं तरी बारा अक्षरं बिनतक्रार बसतात. म्हणजे क्रम निवडलेला आहे. मण्याने कंकण, चंद्राने रात्र, असं म्हणत म्हणत आपण इथे पोचतो तेव्हा कवी मणी-चंद्राच्या जागी बसलेला असतो आणि राजा कंकण-रात्रीच्या. (पाणी-कमळाची जोडी या रांगेत बसत नाही; तिथे कमळ आधी यायला हवं होतं.) धाडसी अर्ध्याच्या पाठोपाठ सर्वमान्य अर्धं येतं, त्यामुळे राजाला रागावताही येत नाही.

मराठीत अडचण क्रियापदाची. ते शेवटी येतं, आणि दोन्ही अर्ध्यांत तेच आलं की आरसा बोथट होतो. माझा पहिला खर्डा: 'गाव रस्त्याला खातो, रस्ता गावाला खातो'. दुसरं अर्धं खरं आहे, चौपदरीकरणात घरं गेलेल्या कुणालाही विचारा. पहिलं मात्र निव्वळ जोडी जुळवायला आलंय. दोन्ही अर्धी सुटी करून 'हे खरं का?' असं विचारलं की पोकळ आरसा लगेच ओळखू येतो.

मग क्रियापदंच विरुद्ध घेतली:

गावासाठी रस्ता आला
रस्त्यासाठी गाव गेला

आठ-आठ अक्षरं, यमकासकट. पण धार उलट्या क्रमामुळे आली की फक्त आला-गेलामुळे? ते तपासायला दुसरी ओळ सरळ करून पाहिली: 'गाव रस्त्यासाठी गेला'. शब्द तेच, अक्षरं आठच, यमक शाबूत. तरी ओळ पडली. मराठी वाक्यात जोर क्रियापदाच्या लगेच आधीच्या शब्दावर पडतो. सरळ ओळीत तिथे 'रस्त्यासाठी' येतं, म्हणजे गाव गेल्याचं कारण कळतं, एखाद्या बातमीसारखं. उलट्या ओळीत पहिल्यांदा त्या जागी रस्ता होता, 'आला' म्हणून. दुसऱ्यांदा त्याच जागी गाव येतो आणि 'गेला' म्हणतो. वाचणारा आधीच्या ओळीतली ती जागा विसरलेला नसतो. शिवाय 'साठी'चा अर्थही मधल्यामध्ये बदलतो. आधी सोय, मग बळी. विभक्तीचा साचा तोच ठेवून अर्थ सरकवता आला याचा मला यमकापेक्षा जास्त आनंद झाला.

उरलेल्या दोन ओळींसाठी पुन्हा सुभाषिताकडे गेलो. तिथे आरशानंतर तिसरी वस्तू येते: तळं, हात, आकाश, सभा. तिच्यात आधीच्या दोन्ही एकत्र नांदतात. माझ्या दोन ओळींनंतरही अशीच वस्तू हवी होती, पण दोघांना एकत्र आणून उणीव दाखवणारी. धूळ, टोलनाका, वडाचं झाड असं बरंच लिहून खोडलं. झाडाने चारोळी रडवेली होत होती, टोलनाक्यात गाव कुठेच नव्हता. शेवटी फाटा सापडला:

गावासाठी रस्ता आला
रस्त्यासाठी गाव गेला
उरला तो फाटा फक्त
नाव गावाचेच त्याला

फाटा रस्त्याचा, नाव गावाचं. एसटीचा कंडक्टर तेच ओरडतो आणि तिथे उतरून जायला गाव नसतो.

चौथ्या ओळीतला 'च' मला अजून खटकतो. काढला तर सात अक्षरं उरतात, ठेवला तर तो भरतीचा वाटतो. 'नाव मात्र गाव त्याला' करून पाहिलं, पण अर्थ धूसर झाला. तिसऱ्या ओळीत 'फक्त' आणि चौथीत 'च' असे दोन जोर लागोपाठ आलेत, त्यामुळे बहुधा 'फक्त'च काढावा लागेल. कुणाला दोन अक्षरी शब्द सुचला तर सांगा. त्या ओळीला यमकाचं बंधन नाही.